दुकानाला चिकटलेला चार आकडी कोड: एमसीसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमसीसी म्हणजे नक्की काय?

मर्चंट कॅटेगरी कोड. कार्डाने किंवा क्यूआरने पैसे घेणारा दुकानदार कोणत्या धंद्यात आहे, हे सांगणारा चार आकडी क्रमांक. किराणा आणि सुपरमार्केटला `5411`, बसून खायच्या उपाहारगृहाला `5812`, फास्ट फूडला `5814`, औषधांच्या दुकानाला `5912`, सराफाला `5944`, पेट्रोल पंपाला `5541`, रुग्णालयाला `8062`, शाळेला `8211`. असे काहीशे कोड आहेत. आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांची यादी आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड त्याच धर्तीवर आपापल्या पुस्तिका काढतात, आणि आपल्याकडे रूपे व यूपीआयही हेच आकडे वापरतात.

तुम्ही कार्ड टॅप करता तेव्हा मशीन बँकेकडे जो संदेश पाठवतं, त्यात रक्कम, वेळ आणि दुकानाच्या ओळखीबरोबर हा कोडही जातो. कार्ड देणारी बँक पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच घेते: व्यवहार होऊ द्यायचा का, पॉइंट द्यायचे का, वर शुल्क लावायचं का. ग्राहकाला मात्र तो कुठेच दिसत नाही. चार्जस्लिपवर तो सहसा छापलेला नसतो, त्यामुळे वाद झाला तरी कोडामुळे झाला हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हा कोड दुकानाला कोण देतं?

दुकानदाराला मशीन किंवा क्यूआर देणारी बँक, किंवा तिच्या वतीने काम करणारी पेमेंट कंपनी. दुकानदाराच्या खात्यात पैसे जमा करणारी बाजू ती हीच. तुमचं कार्ड ज्या बँकेचं आहे तिचा कोड ठरवण्याशी काही संबंध नसतो. तिला तो तयार मिळतो.

कागदावर प्रक्रिया नीटच आहे. दुकानदार गुमास्ता परवाना, पॅन, असेल तर जीएसटी नोंदणी आणि दुकानाचा फोटो देतो. बँक धंदा तपासते आणि त्याला साजेसा कोड लावते. व्यवहारात हा अर्ज दुकानातच, एखादा फील्डवरचा मुलगा फोनवर भरतो. समोर गिऱ्हाईक उभं, मालक गल्ल्यावर, आणि फोनच्या पडद्यावर धंद्यांची लांबलचक यादी. पहिलं जरा जुळतंय असं जे नाव दिसेल ते दाबलं जातं. काहीच जुळलं नाही तर ‘इतर किरकोळ विक्री’ म्हणजे `5999`. माझ्या मते चुकीच्या कोडांपैकी बहुतेकांचं मूळ या अर्ध्या मिनिटात असतं. लबाडी फार थोड्या ठिकाणी असते.

एकाच दुकानात तीन धंदे असतील तर कोणता कोड?

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो, कारण आपली दुकानं तशीच असतात. या पानावर सगळीकडे एकच उदाहरण धरू. डोंबिवलीसारख्या गावात स्टेशनजवळ एक काल्पनिक मिठाईचं दुकान आहे. पुढे काउंटरवर पेढे, बर्फी, श्रीखंड. बाजूला फरसाण. आत आठ टेबलं, तिथे मिसळ, साबुदाणा वडा आणि पावभाजी मिळते.

मिठाईच्या दुकानाला `5441`, दुग्धजन्य पदार्थांच्या दुकानाला `5451`, आणि आतल्या टेबलांना `5812` किंवा `5814`. नियम साधा आहे: ज्या धंद्यातून जास्त विक्री, त्याचा कोड. या दुकानाची निम्म्याहून जास्त विक्री मिठाईची असेल तर `5441` बरोबर. पण आतल्या विभागाचं बिलिंग आणि मशीन वेगळं असेल, तर त्या मशीनला उपाहारगृहाचा वेगळा कोड घेता येतो. त्यासाठी दुकानदाराला बँकेकडे दुसरी नोंदणी मागावी लागते. बहुतेक जण मागत नाहीत, कारण कोणी त्यांना हे सांगितलेलंच नसतं.

याचा उलटा प्रकारही होतो. हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवलात आणि बिल हॉटेलच्या मशीनवर फाडलं, तर बँकेला ते राहण्याचं भाडं वाटतं. रुग्णालयाच्या आवारातलं औषधाचं दुकान रुग्णालयाचंच मशीन वापरत असेल, तर तिथली क्रोसिनची गोळीही `8062` मध्ये जाते.

मी काय विकत घेतलं हे बँकेला दिसत नाही का?

नाही. रोजच्या ग्राहक व्यवहारात बँकेला एकूण रक्कम दिसते, दुकानाचं नाव दिसतं आणि कोड दिसतो. बिलाच्या ओळी दुकानाच्या संगणकातच राहतात. सुपरमार्केटमधून तुम्ही मिक्सर आणला तरी तो बँकेच्या लेखी किराणाच. आणि मिठाईच्या दुकानात बसून पोटभर मिसळ खाल्लीत तरी ती मिठाईच. ‘जेवणावर पाच टक्के परत’ असं जाहिरातीत वाचलं की आपण जेवणाचा विचार करतो. बँक मात्र ठराविक कोडांचा विचार करते. अटींच्या पानावर ते कोड बारीक अक्षरात बहुधा दिलेले असतात आणि तेच वाचायचे.

मग रिवॉर्डमध्ये किती फरक पडतो?

आपल्या डोंबिवलीच्या दुकानात पाहू. समजा एका कार्डावर उपाहारगृहांत ५ टक्के आणि बाकी सगळीकडे १ टक्का परत मिळतो. (ही योजना हिशेबापुरती घेतली आहे.) रविवारी सकाळी पाच जणांचं कुटुंब आत बसून खातं, निघताना थोडी मिठाई घेतं, बिल १,८०० रुपये. मशीनचा कोड `5812` असता तर ९० रुपये परत मिळाले असते. मशीन `5441` वर असल्याने मिळतात १८. फरक ७२ रुपयांचा, आणि तो स्टेटमेंट आल्यावरच कळतो.

इथे एक बारकावा आहे. रिवॉर्ड कार्ड टॅप केल्याच्या क्षणी मोजला जात नाही, व्यवहार पक्का होऊन खात्यावर चढतो तेव्हा मोजला जातो. म्हणून एसएमएस आल्याबरोबर बँकेला फोन करण्यात अर्थ नाही. माल परत केला तर परतावाही त्याच दुकानाच्या नोंदणीतून येतो आणि मिळालेले पॉइंट वजा होतात.

काही खर्चांवर पॉइंटच मिळत नाहीत. तेही कोडामुळेच?

हो. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी भरणा, विमा, वीजबिल अशा वर्गांना बऱ्याच बँका पूर्णपणे वगळतात किंवा त्यांवर महिन्याची मर्यादा घालतात. कोणती बँक काय वगळते हे सतत बदलत असतं, पण कारण तेच राहतं. रिवॉर्डचा पैसा मुख्यतः दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कातून येतो. ज्या वर्गात ते शुल्क कमी, तिथे बँकेकडे वाटायला काही उरत नाही.

घरभाड्याची गोष्ट थोडी वेगळी होती. भाड्याचा कोड `6513`. मोबाइल ॲपवरून क्रेडिट कार्डाने भाडं भरायची सोय आली तेव्हा अनेकांनी खरं भाडं भरलं, आणि बऱ्याच जणांनी घरातल्याच कोणाच्या खात्यात ‘भाडं’ पाठवून कार्डाच्या मर्यादेतून रोकड काढली, वर पॉइंटही घेतले. बँकांनी आधी पॉइंट बंद केले, मग शुल्क लावलं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रीगेटरसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी, नवे निर्देश काढले: ज्या व्यापाऱ्याशी थेट करार आहे त्याचेच पैसे हाताळायचे. घरमालक हा तसा नोंदणीकृत व्यापारी नसतो. त्यानंतर अनेक ॲपनी ही सोयच काढून टाकली.

वॉलेटचा कोड `6540`. क्रेडिट कार्डाने वॉलेट भरून मग त्या वॉलेटमधून किराणा घेतला, तर कार्डाच्या बँकेला फक्त वॉलेट भरल्याचं दिसतं. किराण्याची नोंद तिच्यापर्यंत जातच नाही.

दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क कोडावर कसं ठरतं?

दुकानदाराच्या पैशांतून जे कापलं जातं त्याला एमडीआर म्हणतात. त्यात तीन वाटे असतात. सर्वांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, त्याला इंटरचेंज म्हणतात. दुसरा कार्ड नेटवर्कचा, आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेचा. कोडाचा जोर मुख्यतः इंटरचेंजवर चालतो.

पण सगळीकडे नाही. डेबिट कार्डाचा एमडीआर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ पासून उलाढालीवर बांधला आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर कमाल ०.४० टक्के, जास्त असेल तर ०.९० टक्के, आणि एका व्यवहारामागे अनुक्रमे २०० व १,००० रुपयांच्या वर नाही. इथे कोडाला महत्त्व नाही. रूपे डेबिट आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर तर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्यच आहे. क्रेडिट कार्डावर अशी सरकारी कमाल मर्यादा नाही, आणि कोडाचा खेळ तिथेच चालतो.

हा खेळ उघड्या आकड्यांत पाहायचा तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा वॉलेटचा तक्ता बघा. वॉलेटमधल्या पैशातून यूपीआयने दुकानात २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम दिली, तर १ एप्रिल २०२३ पासून त्यावर इंटरचेंज लागतो. पेट्रोलला ०.५ टक्के, दूरध्वनी, वीज-पाणी, शिक्षण आणि शेतीला ०.७ टक्के, सुपरमार्केटला ०.९ टक्के, विमा, म्युच्युअल फंड, सरकारी भरणा आणि रेल्वेला १ टक्का, बाकी बहुतेकांना १.१ टक्के. रक्कम तीच, ३,००० रुपये: पंपावर १५ रुपये, सुपरमार्केटमध्ये २७, आणि ‘बाकी’ मध्ये पडलेल्या दुकानात ३३. ग्राहकाकडून यातलं काही घेतलं जात नाही, हा हिशेब दुकानदाराच्या बाजूचा आहे. पण किराण्याच्या दुकानाला घाईत `5999` लागला असेल, तर अशा प्रत्येक तीन हजारांमागे सहा रुपये त्याच्या पदरचे जातात आणि त्याला ते कळतही नाही.

पेट्रोल पंपावर वर जादा पैसे का लागतात?

पंपाचं कमिशन लिटरमागे ठरलेलं असतं, टक्क्याने एमडीआर सोसायला त्यात जागा कमी. म्हणून क्रेडिट कार्डावर बँका सरचार्ज लावतात, साधारण १ टक्का. तो कोड पाहून लागतो. अनेक कार्डांवर ठराविक रकमेच्या टप्प्यात, उदाहरणार्थ ४०० ते ५,००० रुपयांच्या दरम्यान, तो परतही मिळतो.

२,००० रुपयांचं पेट्रोल भरलं तर सरचार्ज २० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे. परत मिळतात ते २० रुपये. जीएसटी सहसा परत मिळत नाही, म्हणून ‘सरचार्ज माफ’ असूनही स्टेटमेंटवर हे ३ रुपये ६० पैसे राहतात. पंपाच्या आवारातल्या दुकानात चिप्स घेऊन त्याच मशीनवर पैसे दिलेत, तर चिप्सवरही सरचार्ज.

कार्डात पैसे असताना व्यवहार नाकारला गेला. कोड कारणीभूत असू शकतो?

असू शकतो, आणि कंपनीकडून मिळणाऱ्या मील कार्डावर हे सर्वांत जास्त दिसतं. हे कार्ड खाण्यापिण्याच्या ठराविक कोडांपुरतंच चालू असतं. आपल्या मिठाईच्या दुकानाचा `5441` त्या यादीत नसेल, तर मिसळीचं बिल असूनही ते नाकारलं जाईल. समोरच्या किराण्याच्या दुकानात मात्र त्याच कार्डावर शाम्पूची बाटली मिळेल, कारण `5411` यादीत आहे.

ओळखायचं कसं? नाकारलेल्या व्यवहाराची स्लिप निघाली तर तिच्यावर दोन आकडी प्रतिसाद क्रमांक असतो. `51` म्हणजे शिल्लक कमी. `55` म्हणजे पिन चुकला. `57` म्हणजे या कार्डधारकाला हा व्यवहार करायची परवानगी नाही, आणि कोड अडवला असेल तर बहुधा हाच येतो. `05` आला तर नुसता नकार, त्यावरून काही ठरवता येत नाही. `57` दिसला की पुन्हा पुन्हा टॅप करू नका, उत्तर तेच येणार. आधी कार्डाच्या ॲपमध्ये ऑनलाइन, टॅप किंवा परदेशी व्यवहार बंद तर नाहीत ना, हे पाहा, कारण त्यामुळेही हाच क्रमांक येऊ शकतो. ते सगळं चालू असेल तर संशय कोडावर.

यूपीआयमध्येही कोड लागतो का?

लागतो, फक्त तिथे शुल्कापेक्षा मर्यादेसाठी जास्त. यूपीआयची नेहमीची मर्यादा एका व्यवहाराला १ लाख रुपये. रुग्णालय आणि शिक्षणसंस्थांसाठी ती ५ लाख करण्याचं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. १५ सप्टेंबर २०२५ पासून पडताळणी झालेल्या व्यापाऱ्यांना विमा आणि भांडवली बाजार या वर्गांतही ५ लाख, तर दागिन्यांना २ लाख. महाविद्यालयाने शुल्क घेण्यासाठी साधा क्यूआर लावला असेल आणि त्याची नोंद शिक्षणात नसेल, तर दीड लाखाची फी एका वेळी जाणार नाही. पालक स्वतःच्या बँकेला दोष देत बसतात, पण अडचण समोरच्या नोंदणीत असते.

रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर आणखी एक गोष्ट. ते फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर चालतं. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवला असेल, तर तुमच्या ॲपमध्ये क्रेडिट कार्डाचा पर्याय एकतर दिसणार नाही, नाहीतर चालणार नाही.

दुकानाचा कोड पैसे देण्याआधी बघता येतो का?

क्यूआर असेल तर बऱ्याचदा येतो. पेमेंट ॲपने स्कॅन न करता, क्यूआरचा मजकूर नुसता दाखवणाऱ्या साध्या स्कॅनरने वाचा. यूपीआयचा क्यूआर साधारण असा उलगडतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Mithai&mc=5441&cu=INR
```

यात `mc` च्या पुढचे चार आकडे म्हणजे कोड. तिथे `0000` असेल किंवा `mc` च नसेल, तर तो बहुधा वैयक्तिक क्यूआर आहे. भारत क्यूआरमध्ये लांबलचक आकड्यांची ओळ दिसते. तिच्यात `52045441` असा तुकडा शोधा: `52` हे रकान्याचं नाव, `04` म्हणजे पुढे चार आकडे आहेत, आणि मग कोड. क्यूआर जुना असेल तर बँकेच्या नोंदीत पुढे झालेला बदल त्यावर दिसणार नाही, म्हणून याला अंदाज समजा.

कार्ड मशीनवर असं डोकावता येत नाही. मोठी खरेदी करायची असेल तर आधी शंभर-दोनशे रुपयांचा व्यवहार करून तो पक्का होईपर्यंत थांबायचं, आणि ॲपमध्ये तो कोणत्या वर्गात पडला ते पाहायचं. काही बँकांची ॲप वर्गाचं नाव दाखवतात, काहींच्या ग्राहक सेवेला विचारलं तर कोड सांगतात. पण त्याच दुकानातलं दुसरं मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर त्याचा कोड वेगळा निघू शकतो. एकाच गल्ल्यावर दोन मशीन शेजारी दिसली तर हे लक्षात ठेवा.

कोड चुकीचा असेल तर कोणाकडे जायचं?

ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली तर बहुधा ‘व्यापाऱ्याची नोंद अशीच आहे’ हे उत्तर मिळतं, आणि ते खोटं नसतं. ती बँक कोड बदलू शकत नाही. बिल जोडून विनंती केली तर सौजन्य म्हणून पॉइंट मिळतीलही, पण तो हक्क नाही. कोड दुरुस्त करून घेणं दुकानदाराच्या हातात आहे. मशीन देणाऱ्या बँकेला किंवा पेमेंट कंपनीला मर्चंट आयडी आणि टर्मिनल आयडी (दोन्ही चार्जस्लिपवर असतात) देऊन लेखी विचारायचं: माझा सध्याचा एमसीसी कोणता? चुकीचा असेल तर गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी, दुकानाचा आतला-बाहेरचा फोटो आणि चार-पाच बिलं जोडून बदल मागायचा. बदल पुढच्या व्यवहारांना लागू होतो, मागचे तसेच राहतात.

शुल्क वाचवायला सोयीचा कोड मागून घेतला तर?

करू नका. सराफाने किराण्याचा कोड घेतला तर तो सहज पकडला जाऊ शकतो, कारण किराण्याच्या दुकानात दीड-दोन लाखांची बिलं रोज फाटत नाहीत आणि बँकेची यंत्रणा सरासरी बिलावर नजर ठेवून असते. जुगार किंवा सट्ट्याचे पैसे (`7995`) दुसऱ्या दुकानाच्या नावाने घेणं तर थेट फसवणुकीत मोडतं. नेटवर्क मशीन देणाऱ्या बँकेला दंड लावतं, बँक दुकानदाराचे पैसे रोखून करार मोडते. मास्टरकार्डची मॅच नावाची यादी आहे, करार मोडलेल्या व्यापाऱ्यांची. तिच्यात नाव गेलं की दुसरी बँकही मशीन द्यायला तयार होत नाही.

अमेरिकेतल्या कार्डांनाही हेच लागू होतं का?

हेच, आणि तिथल्या आपल्या मंडळींना ते जास्त जाणवतं, कारण तिथे किराण्यावर भरघोस परतावा देणारी कार्डं आहेत. कॉस्टकोसारखी सभासदत्वाची घाऊक दुकानं `5300` मध्ये येतात, म्हणून सुपरमार्केटचा परतावा तिथे सहसा मिळत नाही, मग गाडीत भाजी आणि दूधच का भरलेलं असेना. छोट्या भारतीय किराणा दुकानांचं काही सांगता येत नाही. एखादं `5411` वर असतं, एखादं `5499` म्हणजे इतर खाद्यपदार्थांच्या वर्गात, आणि ज्याच्या आत चाटचा काउंटर आहे ते चक्क उपाहारगृह म्हणून नोंदलेलं निघतं. अशा दुकानात जेवणावर जास्त परतावा देणारं कार्ड काढलं तर पोहे आणि तूरडाळ जेवणाच्या दराने पडतात.